घडून गेल्यावर हलणाऱ्या रेघा

४ जून २०२४ च्या मंगळवारी निफ्टी १,३७९ अंशांनी आपटला. त्या दिवशी बोलिंजर बँडची मधली रेघ किती खाली आली, ठाऊक आहे? २१ अंश. जवळपास सहा टक्के बाजार एका दिवसात वाहून गेला आणि ज्या रेघेवर अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत लोक रोज संध्याकाळी डोळे लावून बसतात, ती रेघ जेमतेम हलली. हे बरोबरच होतं. ती रेघ तशीच बनवलेली आहे. चूक आहे ती हे न सांगता तिच्यावर फी घेणाऱ्यांची.

उपनगरांत घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर पडलात तरी टेक्निकल ॲनालिसिसच्या क्लासची पाटी दिसते. आत प्रोजेक्टरवर जुना चार्ट असतो. त्यावर हिरवे आणि लाल बाण असतात. भाव वरच्या बँडला टेकला, मॅकडीची रेघ खाली वळली आणि बघा, भाव पडला! बाण नेमके शिखरावर आणि नेमके तळाशी. समोर बसलेला माणूस हिशेब करतो की हे मला आधी कळलं असतं तर. मला या ‘आधी’बद्दलच बोलायचं आहे, कारण या दोन्ही साधनांत आधी काही नसतंच. ती दोन्ही कालपर्यंतच्या बंद भावांची सरासरी काढतात, त्यात आजचा भाव मिसळतात आणि रेघ ओढतात.

२०२४ चे मे आणि जून हे दोन महिने यासाठी मुद्दाम घेतो. आपल्याच गावातली गोष्ट आहे. २० मे रोजी मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली सगळीकडे रांगा लागल्या होत्या आणि शेअर बाजाराला सुट्टी होती. १ जूनच्या शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला निफ्टी ७३३ अंश उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. तोवरचा उच्चांक. मंगळवारी मतमोजणी झाली, भाजपला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं नाही आणि निफ्टी २१,८८४.५० वर बंद झाला. अंधेरी आणि गोरेगाव ज्यात येतात त्या उत्तर-पश्चिम मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला. हे ४८ किंवा दिल्लीतलं बहुमत कुठल्याही सरासरीत आधीपासून लपून बसलेलं नव्हतं.

आता बँड कसा बनतो ते बघू. अमेरिकेत जॉन बोलिंजर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. शेवटच्या वीस सत्रांचे बंद भाव घ्यायचे आणि त्यांची साधी सरासरी काढायची, ती मधली रेघ. मग ते वीस भाव सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरले आहेत ते मोजायचं. हे प्रमाण विचलन. त्याच्या दुप्पट अंतर वर आणि तेवढंच खाली घेतलं की दोन कडा मिळतात. भाव शांत असले की कडा जवळ येतात, उसळले की लांब जातात. बाजाराच्या अस्वस्थतेची मोजपट्टी म्हणून ही कल्पना उत्तम आहे आणि मला मनापासून आवडते. पण मोजपट्टी वीस दिवस लांब आहे हे विसरून चालत नाही.

३ जूनच्या संध्याकाळचा हिशेब असा येतो. ७ मेपासून ३ जूनपर्यंतची वीस सत्रं घेतली, त्यात १८ मेच्या शनिवारचं विशेष सत्रही धरलं, तर मधली रेघ २२,५१९ च्या आसपास, वरची कड २३,१९७ आणि खालची २१,८४०. भाव २३,२६४. म्हणजे वरच्या कडेच्या ६७ अंश वर. (ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते शनिवारचं सत्र नाही, त्यांचे आकडे थोडे सरकतील.) त्या संध्याकाळी हा बँड दोन पूर्ण उलट गोष्टी सांगायला वापरता येत होता. एक पंथ म्हणतो की भाव कडेबाहेर गेला, म्हणजे ताणला गेला, विका. दुसरा म्हणतो की बँड फोडून वर गेला, म्हणजे जोर आहे, घ्या. दोन्ही वाक्यं क्लासमध्ये शिकवली जातात, कधी एकाच तासात. दुसऱ्या दिवशी पहिला पंथ बरोबर ठरला, त्यामुळे जुन्या चार्टवर त्याचाच बाण काढला जातो. त्याआधी २३ मे रोजी निफ्टी एका दिवसात ३७० अंश वर गेला होता आणि त्यानंतरचे तीन दिवस तिथेच रेंगाळला. तिथे बाण काढणारा कुणी दिसत नाही. खुद्द बोलिंजर सांगत आले आहेत की भावाचं कडेला टेकणं हा स्वतःहून संकेत नाही. त्यांचं नाव लावून शिकवणाऱ्यांनी निदान एवढं तरी त्यांचं ऐकावं.

आता मंगळवार. मधली रेघ २१ अंशच का हलली? सरासरी पूर्ण घसरणीने हलत नाही. वीस भावांच्या चौकटीत आज एक नवा भाव शिरला आणि सर्वात जुना एक बाहेर पडला, एवढाच फरक असतो. शिरला २१,८८४.५०. बाहेर पडला ७ मेचा, २२,३०२.५०. दोघांतला फरक ४१८ आणि त्याला वीसने भागलं की २१. सोमवारचा २३,२६४ या वजाबाकीत येतच नाही. त्यामुळे भाव कालच्या तुलनेत किती पडला याच्याशी मधल्या रेघेचं थेट नातं नाही. तिची तुलना महिन्यापूर्वीच्या एका दिवसाशी चालते. वीस सत्रांची साधी सरासरी सरळ चालणाऱ्या बाजारात भावाच्या साडेनऊ सत्रं मागे असते. हे गणित आहे, मत नाही. पहिल्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंतचा मध्य तिथेच पडतो.

कडांची गोष्ट तर याहून बोलकी. सोमवारी रात्री खालची कड २१,८४० वर होती. मंगळवारचा बंद भाव २१,८८४, म्हणजे तिच्याही वरच. तो भाव चौकटीत आला, पसारा वाढला आणि खालची कड आणखी खाली सरकली, २१,७७० वर. भाव पडत असताना कड त्याच्यापासून दूर पळाली, कारण त्याच भावाने तिला ढकललं. संध्याकाळी चार्ट उघडला तर सहा टक्क्यांच्या पडझडीची मेणबत्ती शरीराने बँडच्या आत, निवांत. ‘भाव खालच्या कडेबाहेर बंद झाला तर बघू’ असा नियम धरून बसलेल्याला त्या दिवशी काहीच घडलं नाही असं त्याचं साधन सांगत होतं.

मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी हे सगळं चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढलं आहे, एका पानावर वीस भाव उभे आणि शेजारी वजाबाक्या. त्यांचा एक प्रश्न क्लासमध्ये अनुत्तरित राहिला होता. ‘‘अहो, दुपारी मी मोबाइलवर बघितलं तेव्हा भाव बँडच्या बराच खाली होता. खालची कड तेव्हा एकवीस हजार सहाशेच्या आसपास दिसत होती. संध्याकाळी तीच कड एकवीस हजार सातशे सत्तरवर! कुणी पुसली?’’ कुणीच पुसली नाही. दिवसातला नीचांक २१,२८१ होता. त्या क्षणी तोच भाव आजचा बंद भाव समजून सॉफ्टवेअर बँड काढतं आणि तसा हिशेब केला तर खालची कड २१,६०३ येते. भाव सावरला तशी कडही वर आली. बाजार बंद झाल्यावर चार्टवर राहते ती फक्त शेवटची कड. दुपारी ज्या कडेकडे बघून माणसांनी सौदे केले, ती कड आता कुठल्याच चार्टवर नाही. जुन्या चार्टवर बाण काढून शिकवण्यात हा मोठा दोष आहे. तिथे दिसणारी रेघ त्या वेळी कुणाला तशी दिसलीच नव्हती.

काका मला म्हणाले, ‘‘म्हणजे मी चालू दिवसाचा बँड बघूच नये?’’ मी म्हटलं, बघा काका, पण निर्णय करायचा तर काल संध्याकाळचा बँड धरा, तो आता बदलणार नाही. त्यांनी वहीत त्या दिवसापासून दोन रकाने केले आहेत. एक कालच्या कडांचा, एक आजच्या भावाचा. एवढी साधी शिस्त बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप पाळत नाही.

आता मॅकडी. पडद्यावर MACD (12, 26, 9) असं दिसतं ते. न्यूयॉर्कच्या जेराल्ड अपेल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते तयार केलं. इथे सरासरी साधी नसते, ताज्या भावाला जास्त वजन देणारी असते. बारा दिवसांची एक आणि सव्वीस दिवसांची एक अशा दोन सरासऱ्या काढायच्या. पहिलीतून दुसरी वजा केली की मॅकडीची रेघ मिळते. मग त्या रेघेचीच पुन्हा नऊ दिवसांची सरासरी काढायची, ती सिग्नलची रेघ. मॅकडी सिग्नलच्या वर गेली की घ्या, खाली गेली की विका, असं शिकवतात. या वाक्यात तीन सरासऱ्या आहेत हे मोजून बघा. त्यातली तिसरी सरासरी ही सरासऱ्यांच्या फरकाची सरासरी आहे.

मॅकडी मोजते काय? बाजार रोज ठरावीक वेगाने चढतोय असं समजा, दिवसाला दहा अंश. बारा दिवसांची सरासरी भावाच्या साडेपाच दिवस मागे राहील आणि सव्वीसची साडेबारा दिवस. दोघींतलं अंतर सात दिवसांचं, म्हणजे ७० अंश. तर मॅकडी ७० वर स्थिर होईल, भाव चढत राहिला तरी. वेग वाढला तर ती वाढेल, वेग मंदावला तर भाव चढत असतानाही ती उतरेल. हा खरा उपयोग. ती सध्याच्या चालीचा वेग सांगते, सात दिवसांच्या पटीत. पण हा वेग काढायला मागचे दोन-तीन आठवडे लागतात. पुढच्या वळणाबद्दल तिच्याकडे काही नाही.

९ मेला निफ्टी २१,९५७.५० वर बंद झाला, त्या महिन्याचा तळ. तिथून बाजार फिरला. मॅकडीने सिग्नलला खालून वर छेद दिला तो १७-१८ मेच्या सुमाराला, म्हणजे मतदानाच्या सुट्टीच्या जरा आधी. तोवर भाव २२,५०० वर पोहोचला होता. तळापासून ५४० अंश मागे पडले तेव्हा ‘घ्या’ असा निरोप आला. हे मॅकडीचं अपयश नाही, तिचं काम असंच चालतं. पण क्लासच्या चार्टवर हा छेद तळाच्या इतका जवळ दिसतो की माणसाला तळच पकडल्यासारखं वाटतं. पडद्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे बाजारात पाचशे अंश. चार्टच्या आडव्या अक्षावर बोट ठेवून ९ मे ते १८ मे मोजा आणि मग उभ्या अक्षावरची किंमत वाचा.

मंगळवारी मात्र मॅकडी चटकन हलली. ३ जूनला ती साधारण १३९ होती आणि सिग्नल १०२, म्हणजे जोरदार तेजी. ४ जूनच्या संध्याकाळी ती ६२ वर आली आणि सिग्नल ९४. छेद बसला, विका. आकडे माझ्या हिशेबाचे आहेत. सरासरी किती मागून सुरू केली यावर दोन-चार अंश इकडेतिकडे होतात, छेद बदलत नाहीत. पण हा छेद कधी कळला? १,३७९ अंश पडून झाल्यावर. आणि पुढची गोष्ट गमतीची नाही, त्रास देणारी आहे. भाव २१,८८४ म्हणजे दोन्ही सरासऱ्यांच्या सहा-सातशे अंश खाली होता, तरी मॅकडी शून्याच्या वरच होती. बारा दिवसांची सरासरी अजून सव्वीसपेक्षा वरच होती, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काय झालं? बुधवारी निफ्टी ७३६ अंश उसळला, गुरुवारी आणखी २०१ आणि शुक्रवारी, ७ जूनला २३,२९०.१५ वर बंद झाला. सोमवारच्या उच्चांकाच्याही वर. मॅकडी बुधवारी आणि गुरुवारीही सिग्नलच्या खालीच होती, म्हणजे ‘विकलेलं ठेवा’. शुक्रवारी संध्याकाळी ती वर गेली. आता ‘घ्या’. ज्याने तिचं अक्षरशः ऐकलं त्याने २१,८८४ च्या आसपास विकलं आणि २३,२९० च्या आसपास पुन्हा घेतलं. मध्ये १,४०६ अंश. तेव्हाचा २५ चा लॉट धरला तर एका लॉटमागे पस्तीस हजारांहून जास्त, दलाली आणि कर वेगळे. उपनगरांतल्या कितीतरी घरांचं महिन्याचं भाडं तेवढं असतं. बाजार त्या आठवड्यात सोमवारच्या पातळीवर परत आला होता. नुकसान बाजाराने केलेलं नाही. उशिरा विकणं आणि उशिरा घेणं यांनी केलं.

यावर क्लासचं ठरलेलं उत्तर असतं की एकटं साधन वापरू नका, दोघांचा ताळा घ्या. बँड आणि मॅकडी दोन्ही एकच बोलले तरच सौदा करा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण दोघंही त्याच बंद भावांतून निघतात. एकाच साक्षीदाराला दोन दरवाज्यांतून कोर्टात आणून दोन साक्षी झाल्या म्हणण्यासारखं हे आहे. ३ जूनच्या संध्याकाळी भाव वरच्या कडेबाहेर होता आणि मॅकडी सिग्नलच्या बरीच वर होती. दुसऱ्या पंथाच्या वाचनात दोघंही एकमताने जोर दाखवत होते. दोघांनीही त्याच सोमवारची ७३३ अंशांची उडी बघितली होती, दुसरं काही नाही. ताळा घ्यायचाच तर उलाढाल बघा, ऑप्शनच्या किमतींतून निघणारा इंडिया विक्स बघा, निदान ते बंद भावाबाहेरून येतात. आणि मतमोजणीची तारीख कॅलेंडरवर सगळ्यांना दिसत होतीच.

दुसरं उत्तर असतं की सेटिंग बदला. वीसच्या जागी दहा करा, लवकर कळेल. करून बघू. दहा दिवसांच्या बँडमध्ये एका दिवसाचं वजन दुप्पट होतं आणि बाहेर पडणारा भावही बदलतो, त्यामुळे मधली रेघ मंगळवारी २१ ऐवजी ६४ अंश खाली आली. भाव १,३७९ पडला होता, हे लक्षात असू द्या. खालची कड आली २२,००३ वर आणि भाव तिच्या खाली बंद झाला. म्हणजे या बँडने ‘फुटला’ असं सांगितलं, तेही पडझड संपल्यावर आणि ७३६ अंशांच्या उसळीच्या आदल्या संध्याकाळी. उशीर थोडा कमी झाला आणि त्याची किंमत म्हणून एक खोटा निरोप मिळाला. चौकट आखूड केली की हा सौदा दर वेळी असाच असतो. उशीर आणि खोटे निरोप ही दोन्ही एकाच वेळी कमी करणारी सरासरी नाही. ‘आमचं खास सेटिंग’ म्हणून ज्याला कुणी पैसे मागतं, त्याला हा एवढा एक प्रश्न विचारायचा.

या उशिराचं एक शेपूट असतं आणि ते मला सर्वात धोक्याचं वाटतं. त्याबद्दल फार कुणी बोलत नाही म्हणून इथे जरा थांबतो. ४ जूनचा तो भाव वीस सत्रांच्या चौकटीत एकदा शिरला की वीस सत्रं तिथेच राहतो. १७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती, ती वगळून मोजलं तर त्याचा शेवटचा दिवस २ जुलै. तोवर निफ्टी २४,००० ओलांडून गेला होता, पण बँड अजून त्या मंगळवारचं ओझं घेऊन फुगलेलाच होता, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सुमारे २,१०५ अंश. ३ जुलैला निफ्टी १६३ अंश वाढला, साधा दिवस. त्याच दिवशी ४ जून चौकटीबाहेर पडला. मधली रेघ एका दिवसात १२० अंश वर गेली, खालची कड ३३४ अंशांनी उचलली गेली आणि बँडची रुंदी १,६७८ वर आली. एका रात्रीत पाचवा हिस्सा कमी.

बाजार कोसळला त्या दिवशी मधली रेघ २१ अंश हलली आणि जवळपास महिन्याने, काहीच न घडलेल्या दिवशी, १२०. ज्याने चार्टवर फक्त कडा बघितल्या त्याला ३ जुलैला बँड आवळताना दिसला. बँड आवळला की मोठी हालचाल येते, असं शिकवलेलं असतं. तो तयारीला लागला. प्रत्यक्षात आवळलं होतं ते एक जुनं पान वहीतून गळल्यामुळे. काकांनी हे पान लाल पेन्सिलने खुणावून ठेवलं आहे. आता ते रोज आजचा भाव लिहिण्याआधी वीस सत्रांपूर्वीचा भाव बघतात. तो मोठ्या चढउताराचा दिवस असेल तर आज बँड जे काही करील त्यातलं निम्मं त्या जुन्या दिवसाचं असणार, हे त्यांना आधीच माहीत असतं. हे एक खरोखर आगाऊ कळण्यासारखं आहे. पण ते साधनाबद्दल कळतं, बाजाराबद्दल नाही.

मग ही साधनं फेकून द्यायची का? अजिबात नाही. बँडची रुंदी मला सांगते की गेल्या महिन्यात निफ्टी किती हेलकावत होता. रुंदी दुप्पट झाली असेल तर माझा स्टॉपलॉस पूर्वीइतकाच जवळ ठेवून चालणार नाही आणि सौद्याचा आकार निम्मा करावा लागेल. हा हिशेब बँड चोख करून देतो. मॅकडी सांगते की चाल वेग घेतेय की दमतेय. आठ-दहा महिने एकाच दिशेने चाललेल्या बाजारात तिचा उशीर सोसतो, कारण पाचशे अंश उशिरा शिरूनही पुढे हजारो मिळू शकतात. ती मार खाते ती अशा आठवड्यात, जिथे बातमी एका दिवसात येते आणि तीन दिवसांत विरते. निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेची बैठक. अशा दिवसाच्या आधी सरासऱ्यांनी काय सांगितलं ते विचारूच नये, कारण त्या दिवसाचं काहीच त्यांच्याकडे नसतं.

हे मी एवढं जोराने का लिहितो? वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांनी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त, डोक्यामागे सरासरी दोन लाखांच्या आसपास. त्यातले किती जण मॅकडीमुळे बुडाले ते कुणी मोजलेलं नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण लोकलमध्ये मोबाइलवर तीन रंगांच्या रेघा उघडून बसलेली पोरं मी रोज बघतो. त्यांना कुणीतरी या रेघांचं वय सांगायला हवं होतं. एकीचं वय साडेनऊ सत्रं, दुसरीतल्या सव्वीसच्या सरासरीचं साडेबारा.

जानेवारी २०२५ मध्ये सेबीने नियम घातला की शिक्षण म्हणून बाजाराबद्दल शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. शिकवण्याच्या नावाखाली टिप देणं थांबावं हा हेतू योग्यच आहे. पण जुने भाव दाखवण्याची सक्ती झाली की आधीच काढलेल्या बाणांना आणखी चांगलं कारण मिळतं. म्हणून क्लासला जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक मागणी करावी. चार्ट ३ जून २०२४ च्या संध्याकाळपर्यंत कापा, उजवीकडचं सगळं झाकून टाका आणि तिथून एकेक दिवस पुढे सरकवा. प्रत्येक दिवशी बाजार बंद झाल्यावर, पुढचा दिवस उघडण्याआधी, फळ्यावर घ्या किंवा विका असं लिहा. चार दिवस, चार ओळी. बाण त्यानंतर काढा.